केळीचा घड उलटा दिसल्यास

प्रशील प्रोग्रामर म्हणून हुशार आहे, पण चार ओळी लिहायच्या म्हटलं की जिवावर येतं त्याच्या. गेल्या हिवाळ्यात केळीवाल्यांच्या आमच्या ॲपमध्ये यानं गाडी बुक करायचं बटण हलवलं आणि 'नवीन काय' या पानावर लिहिलं, 'किरकोळ सुधारणा केल्या आहेत.' झालं! अख्खं रावेर बटण शोधत मला फोन करत बसलं. त्याच दिवशी जामनेरला अभिमनमामाच्या शेतात भरीत पार्टी होती. तिकडे वांगी भाजली जात होती आणि इकडे जळगावच्या ऑफिसात मी डब्यातली थंडगार पोळी चावत होते.

म्हणून यंदाच्या अपडेटला म्हटलं, माहिती मीच लिहिणार. अपडेटच्या दिवशी फोन थांबले तर दुसऱ्या दिवशी मामाच्या पार्टीला जा, असं आमचे साहेब रविंद्रसर म्हणाले.

मी अगदी मन लावून लिहिलं. काय बदललं, कुठे दाबायचं, सगळं. नव्या अपडेटमध्ये एक चूक राहून गेली होती, तीही लपवली नाही: 'काही फोनवर पहिल्या पानावरच्या चित्रातला केळीचा घड उलटा दिसेल. भाव बरोबर आहेत. तुम्ही काही करू नका, पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होईल.' फोन घेणाऱ्या सपनालाही वेगळी चिठ्ठी दिली, कोणी विचारलं तर काय सांगायचं याची.

सकाळी अपडेट गेलं. पहिला फोन शिंदखेड्याच्या निंबाभाऊंचा.

"ताई, बठ्ठासना फोनमा घड उलटा शे, मन्हाच फोनमा सुलटा का बरं?"

सगळ्यांच्या फोनमध्ये उलटा नाही, सुलटाच बरोबर, म्हणून मी सांगितलं. त्यांना पटेना. शेजाऱ्याला मिळालं ते आपल्याला का नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मग रांगच लागली. एकानं तर उलट्या घडासाठी ॲप काढून पुन्हा टाकलं. सपनाच्या चिठ्ठीत घड सुलटा दिसल्यास काय बोलायचं ते नव्हतंच, ती बिचारी सगळे फोन माझ्याकडे वळवत राहिली. माझं तर डोकंच फिरलं. गेलं म्हटलं यंदाचंही भरीत!

घड उलटा नेमका कुठे दिसतो, ते मी प्रशीलला खडसावून विचारलं. फक्त जुन्या फोनवर, तो म्हणाला.

अरे, मग आधी सांगायला काय झालं होतं तुला!

'नवीन काय' हे पान आमच्या सर्व्हरवरून येतं, त्यामुळे तिथला मजकूर नवं अपडेट न पाठवताही बदलता येतो. मी 'काही फोनवर' खोडून 'जुन्या फोनवर' लिहिलं, बस. दुपारपर्यंत सगळं चिडीचूप. सुलटेवाले खूश, आणि आपला फोन जुना आहे हे सांगायला उलटेवाला कशाला फोन करतोय?

दुसऱ्या दिवशी मी जामनेरला पोचले. भरीत घोटणं चालू होतं. चारचौघांत मामा ॲपवर केळीचे भाव बघत होता.

घड अगदी सुलटा दिसत होता. मामानं फोन उलटा धरला होता.