एका वेळी सहा

त्या खोलीत सगळे तिला आक्का म्हणत, वयानं तिच्याहून दहा वर्षं मोठे असलेले साहेबसुद्धा. नाव पडलं ते तिच्या सांगण्याच्या पद्धतीमुळे. ती दुसऱ्याला चूक दाखवायची ती अशी, की ऐकणाऱ्यानं घरी जाऊन कपाट आवरायला घ्यावं.

खोली तिसऱ्या मजल्यावर. पाच टेबलं, एक चहाचं यंत्र आणि भिंतीवर मोठा पडदा. शहरभरचे जे रुग्ण स्वतःहून दवाखान्यात पोचू शकत नाहीत, त्यांना गाडी मिळवून देणारा प्रोग्रॅम इथून चालायचा. आदल्या दिवशी मागण्या यायच्या आणि सकाळी प्रोग्रॅम एकेक मागणी उचलायचा. ती घेऊन तो नदीपलीकडच्या कंट्रोलरूममधल्या जुन्या सर्व्हरला विचारायचा, कुठली गाडी, कुठला रस्ता. उत्तर आलं की ड्रायव्हरला निरोप जायचा. मागणी उचलून विचारायला जाणाऱ्या प्रत्येक हाताला इथे वर्कर म्हणत. वर्कर सहा. कारण पलीकडचा सर्व्हर एका वेळी सहाच प्रश्न नीट चावू शकायचा, एकेकाला बारा सेकंद. हा सहाचा आकडा तीन वर्षांपूर्वी आक्कानंच लिहिला होता, आणि त्याचा तिला स्वतःच्या सहीइतका अभिमान होता.

सोमवारी सकाळी पावणेआठला पडद्यावर लिहिलं होतं: रांगेत तेराशे दहा. गेल्या वीस मिनिटांत सुटलेल्या गाड्या: शून्य.

"हात वाढवा," साहेब म्हणाले. साहेबांचं गणित पोस्टाच्या खिडकीचं होतं. रांग लांबली की खिडकी उघडायची. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की या इमारतीत खिडक्या कितीही उघडा, आत शिक्का मारणारा एकच आहे.

आक्का बोलायच्या आधीच तिचा फोन वाजला. वहिनी. दादाची गाडी अजून आलेली नाही. साडेनऊला डायलिसिसची खुर्ची. शनिवारी केंद्रातलं मशीन बिघडलं म्हणून त्याची पाळी हुकलेली, पाय सुजून उशीसारखे झालेत, आणि रात्रभर तो बसूनच होता, आडवं झालं की श्वास पुरत नाही म्हणून. हे सगळं वहिनींनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. त्यावरूनच आक्काला कळलं की त्या किती घाबरल्यात. दादाचा एक पाय दोन वर्षांपूर्वी गेला होता. चौथ्या मजल्यावरून खाली आणायला दोन माणसं आणि चाकाची खुर्ची आत चढवणारी लिफ्टची गाडी लागायची. टॅक्सीवाल्यानं वर येऊन खुर्ची पाहिली होती आणि मीटर न पाडताच तो निघून गेला होता.

"बघते," आक्का म्हणाली.

तिनं सहाचे तीन केले. पलीकडचा थकला असेल, तर ओझं निम्मं करावं. दहा मिनिटं वाट पाहिली. शून्यच. आयुष्यात बरोबर असायची सवय झालेल्या माणसाला अशी दहा मिनिटं फार महाग पडतात.

मग कंट्रोलरूमच्या मावशींचा फोन आला. मावशी तिथं बावीस वर्षं होत्या आणि सर्व्हरबद्दल त्या आजारी सासऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायच्या. त्याला धाप लागलीय म्हणाल्या. आधी तुमच्याकडून एकदम एकशेवीस जण बोलत होते, आता साठ बोलतायत, त्याला सहांचं ऐकायची सवय.

"साठ कुठले, मावशी? मी तीन ठेवलेत."

"मग तुझ्या तिघांना पोरं झाली असतील. मी मोजून सांगतेय."

आक्का मागे वळली. मागच्या टेबलावर चष्मेवाला बसला होता, शांत, नेटका, डबासुद्धा पट्टीनं आखून भरणारा माणूस. शुक्रवारी त्यानं एक सोय केली होती: रांग लांबली की आपोआप नवं मशीन सुरू व्हावं, वीस मशीनपर्यंत. सोय चांगली होती. फक्त सहाचा आकडा दर मशीनमागे होता. आक्कानं तो लिहिला तेव्हा मशीन एकच होतं, त्यामुळे 'एका मशीनवर सहा' आणि 'सगळे मिळून सहा' यात फरक आहे हे तिनं कुठंच नोंदवलं नव्हतं. वीस गुणिले सहा, एकशेवीस. वीस गुणिले तीन, साठ.

आणि त्याहून वाईट ते पुढे होतं. तीस सेकंदांत उत्तर आलं नाही की वर्कर कंटाळून मागणी परत रांगेत टाकायचा, शेपटीला. पलीकडच्या सर्व्हरला मात्र कुणी सांगत नव्हतं की विचारणारा उठून गेला. तो बिचारा गेलेल्या माणसांची उत्तरं घोटत बसला होता. तेवढ्यात तीच मागणी पुन्हा येऊन थडकायची. सगळं राबणं चालू आणि हातात काहीच नाही. ज्यांच्या मागण्या सगळ्यात आधी उचलल्या गेल्या, म्हणजे सकाळच्या वेळांच्या, त्याच पडून पडून मागे गेल्या होत्या. दादाची मागणी तीनदा शेपटीला गेली होती. आता तिचा नंबर होता एक हजार ऐंशी.

चष्मेवाल्यानं चष्मा काढून पुसला. माझीच चूक, म्हणाला. आक्का म्हणाली, निम्मी. हिशेब नंतर.

एकोणीस मशीन बंद, एक चालू, त्यावर सहा वर्कर, आणि आपोआप वाढायची सोय तोडून टाकली. मावशींनी सर्व्हर एकदा बंद करून उठवला, म्हणजे मेलेले प्रश्न त्याच्या पोटातून गेले. आठ वीसला पहिली गाडी सुटली. मग मिनिटाला तीस. खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळ्यांनी मनात भागाकार केला होता. तेराशे दहा भागिले तीस, चव्वेचाळीस मिनिटं.

साहेबांनीही केला. ते म्हणाले आता घोडं चालतंय तर दहा करा, निदान आठ. आक्कानं मान हलवली. सहाच्या वर एक जरी गेला तरी सगळ्यांचंच लांबतं, हे तिनं त्यांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा कपाट आवरायला लावणाऱ्या आवाजात. साहेब वरच्यांचे फोन घ्यायला बाहेर गेले.

तिनं मावशींना विचारलं, एक लिफ्टची गाडी तोंडी पाठवता येईल का. मावशींनी नाही म्हणायच्या आधी विचारलं, कुणासाठी. दादासाठी, आक्का म्हणाली. मी पाठवेन गं, मावशी म्हणाल्या, पण सर्व्हरला ते ठाऊक नसणार, तो तीच गाडी दुसऱ्याच्या दारात उभी राहील म्हणून कळवेल. तिथलं माणूस वाट बघत बसेल. प्रोग्रॅममध्ये एखादी मागणी पुढे सरकवायची सोय तर नव्हतीच. ती आक्कानंच ठेवू दिली नव्हती. ओळखीपाळखीची कामं सुरू होतात म्हणून.

वहिनींचा पुन्हा फोन. आता त्यांनी दादाला फोन दिला. दादा आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला. त्यानं विचारलं, माझा नंबर कितवा. तिनं सांगितला: आता सातशे ऐंशी, मिनिटाला तीस सुटतायत. पलीकडे श्वास ऐकू आला, पाण्यातून वर येणाऱ्या माणसासारखा.

"सव्वीस मिनिटं," दादा म्हणाला. "बरंय. माझ्या वर्गात तर एवढा वेळ... तू उत्तरच... द्यायची नाहीस." हसायला गेला आणि खोकला लागला, आणि फोन पडल्याचा आवाज आला.

आठ एकतीस. खोलीत चष्मेवाला पाठमोरा. साहेब बाहेर. आक्कानं सहाचे आठ केले.

आपण काय करतोय हे तिला पूर्ण माहीत होतं, आणि तरी मनात एक चोरटा हिशेब चालू होता: सर्व्हर नुकताच उठलाय, ताजा आहे, दोनच तर आहेत. हाच हिशेब तिनं साहेबांच्या तोंडून ऐकून दहा मिनिटांपूर्वी मोडीत काढला होता. आपल्या माणसासाठी केलेला भागाकार नेहमी आपल्या बाजूनं सुटतो.

पहिल्या मिनिटात बाराचे चौदा सेकंद झाले. दुसऱ्यात एकोणीस. चौथ्यात सव्वीस, आणि मग काही मागण्या तीस ओलांडून परत शेपटीला पडल्या. तिनं आठचे सहा केले, पण पलीकडचं तुंबलेलं निवळायला आणखी दीड मिनिट गेलं. सहा मिनिटांत एकशे ऐंशी सुटायच्या तिथे एकशे दहा सुटल्या. मावशींचा फोन आला नाही. त्यांच्या पडद्यावर आठ दिसलेच असणार.

दादाची गाडी आठ अठ्ठावन्नला सुटली. न सुटली असती तरी चाललं असतं अशा शांतपणे तिनं तो आकडा पाहिला. घरापर्यंत रस्ता पस्तीस मिनिटांचा, मग जिना, मग केंद्र. खुर्ची साडेनऊची.

रांग शून्यावर आली तेव्हा साहेब आत आले, ओढलेल्या चेहऱ्यानं. सगळं अहवालात नीट लिहा म्हणाले, वर पाठवायचाय. आक्कानं लिहिलं. मशीनमागे मर्यादा, तिची. आपोआप वाढ, चष्मेवाल्याची. मग एक ओळ: आठ एकतीस ते आठ पस्तीस, मी सहाचे आठ केले, कारण माझा भाऊ रांगेत होता, अकरा मागण्या मागे पडल्या.

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. "हे कुणाला दिसलंय का?"

"मला."

"मग राहू दे ना. एवढ्या गोंधळात अकरा म्हणजे काय."

"अकरा माणसं," आक्का म्हणाली. ओळ राहिली.

तिनं अकरा नावांची यादी काढली आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. गाडी मिळाली का, पोचलात का, खुर्ची राहिली का. आठ जण पोचले होते, त्यातल्या दोघांनी तिलाच धन्यवाद दिले, ते तिला शिवीपेक्षा जड गेले. नववी एक म्हातारी होती. गाडी आली, पण खुर्ची दुसऱ्याला दिलेली. उद्या या म्हणाले. म्हातारी तक्रार करत नव्हती, फक्त विचारत होती की उद्यापर्यंत पाणी किती प्यायलं तर चालेल. तेवढ्यात आक्काच्या फोनवर वहिनींचं नाव चमकू लागलं. तिनं ते चमकू दिलं. म्हातारीला केंद्रातल्या सिस्टरचा नंबर दिला, तो तिच्याकडून परत म्हणवून घेतला, आणि आज संध्याकाळची खुर्ची मागून बघते असं सांगितलं.

मग वहिनींना लावला.

"मशीनला लावलंय," वहिनी म्हणाल्या. "शुद्धीत नव्हते आणलं तेव्हा. डॉक्टर म्हणतात, दुपारपर्यंत काही विचारू नका." आणि मग, "वन्सं, तुम्ही येताय ना?"

"येते," आक्का म्हणाली. "दोन फोन राहिलेत."

तिनं दहावा नंबर लावला.