नवरा सोडून गेल्याचे पंचेचाळीस सेकंद

रोवेना प्रिडोच्या चांदीत खोट नव्हती. खोट शिरली ती गोष्टीत, आणि तीही पैसे मोजून विकत आणलेली.

होबार्ट शहरातल्या शनिवारच्या बाजारात तिचा आणि माझा तंबू शेजारी शेजारी. मी मध विकते, ती दागिने. तंबूत तिचा माल बरा खपायचा, कारण गिऱ्हाईक आधी तिच्या हातांकडे बघायचं. अंगठे भाजून काळवंडलेले, नखांत काळं, आणि बोलणं फटकळ. अशी बाई खोटं कशाला बोलेल, असं लोकांना वाटायचं आणि ते पाकीट काढायचे. वेबसाइटवर मात्र शुकशुकाट. एकदा तिने कानातल्यांचा फोटो टाकला, तर खाली कुणीतरी विचारलं, ‘कुठल्या कारखान्यातून मागवता? मलाही पत्ता द्या.’ रोवेना दिवसभर फणफणत होती. पण प्रश्न विचारणाऱ्याचं तरी काय चुकलं? यंत्रातून शेकड्याने निघालेला माल ‘हाताने घडवलेला’ म्हणून विकणारे इंटरनेटवर पैशाला पासरी पडलेत.

मग तिने टॅरन बोलावला.

टॅरन लहान व्हिडिओंच्या संहिता लिहायचा. डोक्यावर मच्छीमाराची लोकरी टोपी. मासा मात्र त्याने फक्त बशीत पाहिलेला. त्याआधी त्याने एका जिन दारू गाळणाऱ्याचा आणि एका कुत्र्यांची बिस्किटं करणाऱ्या बाईचा व्हिडिओ केला होता. दोघंही त्यात रडली होती. बिस्किटवाली तर कुत्र्यापेक्षा जास्त केविलवाणी दिसत होती.

मूना या उपनगरात रोवेनाच्या घरामागे तिची शेड आहे, तीच तिची कार्यशाळा. पहिल्या बैठकीला तिने मलाही बोलावलं. ‘‘बेव्ह, तू ये. मला त्याची भाषा कळत नाही,’’ म्हणाली. जशी काही मला कळते.

टॅरनने स्टूल ओढलं आणि हलक्या आवाजात विचारलं, ‘‘रो, तुझी जखम काय?’’

तिने अंगठा पुढे केला. ‘‘ही बघ. परवा डाख देताना भाजलं.’’

‘‘तशी नाही गं. आतली.’’

‘‘आतून धडधाकट आहे मी.’’

टॅरनने उसासा सोडला. ‘‘हे बघ. अनोळखी माणूस अंगठा सरकवत असतो. पहिल्या तीन सेकंदांत तो थांबला पाहिजे. निम्मे लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून पडद्यावर अक्षरं हवीत. मग तुझा चेहरा, मग तुझं दुःख, मग हात, मग दागिना. पंचेचाळीस सेकंदांत त्याचा तुझ्यावर विश्वास बसला पाहिजे. ही कला तू कुठे शिकलीस?’’

‘‘दातांच्या लॅबमध्ये. कित्येक वर्षं मी कवळ्या आणि दातांवरच्या कॅप करत होते. मेणाचा नमुना करायचा, तो प्लास्टरमध्ये पुरायचा, भट्टीत मेण जाळून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. अंगठीही मी तशीच करते. फक्त ती चावत नाही.’’

मी हसले. टॅरनचं तोंड कडू झालं.

‘‘दात नकोत. दात कुणी गळ्यात घालत नाही. लग्न?’’

‘‘मोडलं.’’

त्याचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता हा टाळ्या वाजवणार.

दोन दिवसांनी संहिता आली. पहिलंच वाक्य होतं, ‘तो गेला, आणि माझ्या हातात उरली फक्त आईची अंगठी आणि एक पक्कड.’ पुढे, ‘त्या रात्री मी पहिल्यांदा चांदी वाकवली.’ पुढे, ‘आजही प्रत्येक दागिना मी एकटीच, माझ्या या दोन हातांनी घडवते.’ शेवटी डोळे टिपायचे आणि म्हणायचं, ‘तुटलेलं पुन्हा जोडता येतं.’

वाचून मी म्हटलं, ‘‘अगं, आई तुझी तिकडे बर्नी गावात ठणठणीत आहे. तीच अंगठी बोटात घालून हिरवळीवर चेंडू घरंगळवत बोल्स खेळते. आणि डेस कुठे गेला होता?’’

हा प्रश्न होबार्टमध्ये कुणीही विचारला असता. डेस तिचा घटस्फोटित नवरा. त्याला तिने स्वतःच बाहेर काढलं होतं, कारण घरखर्चाचा पैसा तो बोटीत घालायचा आणि ती बोट पाण्यापेक्षा दुरुस्तीच्या धक्क्यावरच जास्त असायची. पण भांडण विरल्यावर तो परत आला, नवरा म्हणून नाही, कारागीर म्हणून. दर बुधवारी तिच्या शेडमध्ये येऊन दागिन्यांना पॉलिश करायचा. शनिवारी तंबूचे लोखंडी पाय तोच उभे करायचा.

‘‘व्हिडिओच तर आहे,’’ रोवेना म्हणाली. ‘‘सगळेच करतात.’’

ज्या बाईने जन्मात कुणाला खोटं ‘छान दिसतंय’ म्हटलं नव्हतं, ती हे बोलली. त्या दिवसांत तिच्या वेबसाइटवरून आठवड्याला एक कानातलं जायचं, तेही तिच्याच मावसबहिणीला.

चित्रीकरण नेमकं बुधवारी ठेवलं. टॅरनने आल्या आल्या पॉलिशचं चाक बंद करायला लावलं, आवाज येतो म्हणून. मग उजेड चेहऱ्यावर पडेना, तेव्हा त्याने एक पांढरा बोर्ड डेसच्या हातात दिला.

‘‘काका, जरा हा धरा. थोडा वर. हां, अस्सं.’’

डेस तोंडभर काळी धूळ घेऊन बोर्ड धरून उभा राहिला. त्याला संहितेचं काही ठाऊक नव्हतं. रोवेनाने कॅमेऱ्याकडे बघितलं, डेसकडे बघायचं टाळलं आणि म्हणाली, ‘‘तो गेला...’’

‘‘दुःख कमी पडतंय,’’ टॅरन म्हणाला. ‘‘तो तुला टाकून गेलाय, रो. मागे वळूनही बघितलं नाही त्याने.’’

‘‘कोण गेला?’’ डेसने विचारलं.

टॅरन कॅमेऱ्याची काच पुसू लागला.

‘‘मी?’’ तो म्हणाला. ‘‘मी कुठे गेलो?’’

‘‘डेस, ही फक्त जाहिरात आहे रे,’’ रोवेना म्हणाली. ‘‘तुझं नाव थोडंच घेतेय मी?’’

‘‘तुझे नवरे किती झाले, रो?’’

त्याने बोर्ड भिंतीला टेकवला, ॲप्रन काढून खिळ्याला अडकवलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि निघून गेला. शिवी नाही, आदळआपट नाही. टॅरनने त्याच्या पाठीकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘अरेरे, हे घ्यायला हवं होतं. दारातून जाणारी पाठ! कमाल दिसली असती.’’

त्याच क्षणी रोवेनाने तो कॅमेरा चांदी साफ करायच्या ॲसिडच्या पाण्यात बुडवायला हवा होता. तिने बोर्ड माझ्या हातात दिला. आणि मी तो धरला.

व्हिडिओ इंटरनेटवर गेला आणि लोक कळवळले. साठ हजारांनी तो पाहिला. खाली लाल बदामांचा पाऊस. सिडनी, पर्थ, कुठून कुठून मागण्या आल्या. ‘मलाही तो सोडून गेला’ असं लिहून बायका दोन दोन अंगठ्या मागवत होत्या. टॅरनने निरोप पाठवला, ‘सांगितलं होतं ना? विश्वास!’

मग व्हिडिओ होबार्टला पोचला.

पहिली प्रतिक्रिया ग्लेनॉर्कीच्या एका बाईची. ‘डेस ना? गेल्या महिन्यात त्यानेच माझी अंगठी चकचकीत करून दिली, हिच्याच शेडमध्ये.’ दुसरी, ‘दर शनिवारी तंबू कोण ठोकतं मग, भूत?’ तिसऱ्याने लिहिलं, ‘एकटी घडवते म्हणे.’ इथवर थट्टा होती. मग दोन अंगठ्या मागवलेल्या पर्थच्या एका बाईने शांतपणे विचारलं, ‘नवऱ्याची गोष्ट खोटी असेल, तर चांदी खरी कशावरून?’

या एका प्रश्नाने रोवेना झोपेतून उठल्यासारखी झाली. तिचा प्रत्येक दागिना नऊशे पंचवीसचा, म्हणजे हजारात तेवढे भाग शुद्ध चांदी. प्रत्येकाच्या आत तिचा छाप. आयुष्यात तिने कमअस्सल चांदीला हात लावला नव्हता. आणि आता लोक पैसे परत मागत होते.

शनिवारी तंबू आम्ही दोघींनी उभा केला, वाकडा. डोंगरावरून वारा सुटला होता. दहाच्या सुमारास डेसची आई आली. मर्ल, वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी आणि कागदी पिशवीत शिंपल्यांचं सारण भरलेलं पॅटिस. भर बाजारात ती तंबूसमोर उभी राहिली.

‘‘रोवेना, माझ्या मुलाला तू हाकललंस. बरंच केलंस. मी असते तर बोटीसकट बुडवला असता.’’

‘‘मर्ल, तुम्ही आत तरी या...’’

‘‘आत कशाला? तू काय आत जाऊन सांगितलंस? हाकललं तर हाकललं म्हण. गेला म्हणू नकोस. तो जायला तयारच नव्हता, माझ्याकडे तीन महिने रडत होता.’’

म्हातारीने पॅटिस पिशवीतून काढलं, चावा घेतला आणि खात खात गेली.

त्या दुपारी टॅरनचा फोन आला. रोवेनाने तो माझ्या समोरच घेतला. त्याचा सल्ला तयार होता: वाईट प्रतिक्रिया पुसून टाकायच्या आणि लगेच माफीचा व्हिडिओ करायचा, तोंडाला मेकअप न लावता, फिक्या रंगाचा स्वेटर घालून. ‘‘वादाने बघणारे वाढतात, रो. आता तर खरी गोष्ट सुरू झालीय.’’

‘‘टॅरन,’’ ती म्हणाली, ‘‘तुझ्या टोपीखाली काही आहे, की ती नुसती थंडीसाठी घालतोस?’’ आणि फोन ठेवला.

व्हिडिओ तिने काढून टाकला. संध्याकाळी डेसच्या दारात गेली. मी गाडीत बसले होते, काच खाली होती.

‘‘मी खोटं बोलले,’’ ती म्हणाली.

‘‘ऐकलं. बोर्ड धरून ऐकलं.’’

‘‘खरं सांगणारा एक व्हिडिओ करायचाय. येशील?’’

‘‘मी तोंड दाखवणार नाही. आणि बोटीचं नाव काढायचं नाही.’’

‘‘बोटीशिवाय कसं सांगू? कारण तेच आहे.’’

बराच वेळ तो दाराची कडी खालीवर करत राहिला. ‘‘मग ती चांगली बोट होती, असं म्हण.’’

‘‘नव्हती, डेस.’’

‘‘झालं मग,’’ तो म्हणाला, पण दार लावलं नाही.

नवीन संहिता तिने स्वतः लिहिली, फोन मी धरला. माझा हात हलला, ते तसंच ठेवलं. ती म्हणाली, ‘‘मी पूर्वी कवळ्या करायचे. अंगठ्याही त्याच पद्धतीने ओतते, हे मेण, ही भट्टी. कानातली आणि साखळ्या मी हाताने वाकवते, डाख देते. पॉलिश डेस करतो. तो माझा नवरा होता. त्याला मी घराबाहेर काढलं, एका बोटीवरून. आधीच्या व्हिडिओत तो मला टाकून गेला असं मी सांगितलं, ते खोटं होतं. ते ऐकून कुणी काही घेतलं असेल, तर परत पाठवा, टपालखर्च माझा. आत माझा छाप आहे. तुटलं तर मीच दुरुस्त करीन.’’ मध्ये तिने डाख दिला. चांदी काळी पडली, ॲसिडच्या पाण्यातून पांढरी निघाली, मग चाकावर दोन काळे हात दिसले आणि चकाकी आली. बदाम नाही, डोळे टिपणं नाही.

साठ हजार कुठले? चार हजारही लोकांनी पाहिला नाही. बरेच दागिने परत आले. पर्थवालीने एक अंगठी परत केली, एक ठेवली आणि विचारलं की ओतलेली अंगठी बोटाला घट्ट झाली तर वाढवता येते का. रोवेनाने तिला दोन पानी उत्तर लिहिलं. मग असेच प्रश्न येऊ लागले: निकेल आहे का, आंघोळीत चालेल का. मागण्या आल्या, पण मुंगीच्या पावलांनी.

डेस परत आला, मात्र दोन गोष्टी ठरवून. दागिन्यासोबतच्या कार्डावर त्याचंही नाव, आणि बुधवारऐवजी गुरुवार. रोवेनाने दोन्ही मान्य केलं. तरी पहिले काही आठवडे तो तिच्याशी फक्त चांदीपुरतं बोलायचा. चहा आणला तर ‘ठेव’ म्हणायचा. तिने ते सोसलं.

टॅरनचं छान चाललंय. त्याच्या वेबसाइटवर अगदी वर रोवेनाचा रडवेला फोटो आहे, खाली ठळक अक्षरांत साठ हजार. रोवेनाने तीन वेळा काढायला सांगितलं. त्याने कळवलं, ‘काढतो, पण तेवढ्यावरच लोकांचा माझ्यावर विश्वास बसतो गं.’