ही ‘कल्पनाबंध्षा’ कोण?

माझा प्रबंध पाच वर्षं रखडला होता तो एका कडीपायी. दाराच्या कडीपायी.

मी ज्या कादंबरीवर लिहीत होते, तिच्यातला भाऊ एके दिवशी घर सोडून जातो आणि त्याची थोरली बहीण त्या दिवसापासून दाराला आतून कडी लावणं बंद करते. ही कडी कादंबरीत चौदा वेळा येते. मी तिच्यावर चाळीस पानं लिहिली आणि चौदाही वेळा ठोकून दिलं, ‘कडी हे प्रतीक आहे.’

सोमवारी मॅडमनी प्रकरण परत केलं. तिसऱ्यांदा! मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी विभागातली एक खोली मागून घेऊन, दोन बस बदलून यायच्या. त्यांची शेवटची विद्यार्थिनी मीच उरले होते. माझी मुदत शुक्रवारी पाचला संपत होती. त्यांची सही नाही, तर नोंदणी रद्द.

“कशाचं प्रतीक?” त्यांनी विचारलं.

“आशेचं.”

“पान तीसवर शेजारीण त्या कडीत बोट चेमटून घेते. तेव्हाही आशेचं?”

“तिथे... वेदनेचं.”

“आणि गंजली म्हणून तेल घालतात तेव्हा?”

मी उगाच पानं उलटायला लागले.

“अगं, वस्तू फिरून फिरून येत राहिली आणि तिची वीण तयार झाली, की तो कल्पनाबंध. मोटिफ म्हण हवं तर. ती वस्तू एखाद्या जागी स्वतःपलीकडचं बोलायला लागली, तर तिथे प्रतीक. त्याला चौदा वेळा यावं लागत नाही, एकदाही पुरतं. आणि सगळी कादंबरी मिळून जे म्हणते ते आशयसूत्र. ‘आशा’ हा नुसता विषय झाला. आशयसूत्राला पूर्ण वाक्य लागतं. ते आण, मी सही करते. खोटी सही मात्र करणार नाही.”

माझं डोकंच फिरलं. कल्पनाबंध हवाय ना? घ्या कल्पनाबंध! घरी येऊन कॉम्प्युटरला सांगितलं, ‘प्रतीक’ दिसेल तिथे ‘कल्पनाबंध’ घाल. एका फटक्यात अठ्ठ्याऐंशी जागा बदलल्या. छापून काढलं आणि नणंदेपुढे टाकलं. ती दवाखान्यात औषधांच्या चिठ्ठ्या वाचते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

पाचव्या मिनिटाला ती खिदळायला लागली. “वहिनी, ही कल्पनाबंध्षा कोण गं? तुझ्या कादंबरीतली मावशी का?”

“काय?”

“हे बघ. ‘घरातले सगळे कल्पनाबंध्षेत अडकले आहेत.’”

मी कपाळावर हात मारला. त्या शहाण्या यंत्राने ‘प्रतीक्षा’मधलं ‘प्रतीक’सुद्धा उचललं होतं! मी पेन्सिल घेऊन एकेक कल्पनाबंध्षा शोधायला बसले. तेवीस निघाल्या.

“तेवीस वेळा?” नणंद म्हणाली. “मग तुझी कादंबरी कडीवर आहे की वाट बघण्यावर?”

मी चिडून काहीतरी बोलणार होते, पण थांबले. त्या तेवीसही ठिकाणी मी वाट बघणाऱ्या थोरलीबद्दल नाही, घरातल्या बाकीच्यांबद्दल लिहिलं होतं. धाकट्या बहिणीने तिच्यापायी मोडलेलं लग्न, वडिलांनी नाकारलेली बदली, असं सगळं. हे माझ्याच हाताने लिहिलेलं, आणि मला पत्ता नाही!

मग दोन दिवस चौदा कड्यांचा तक्ता केला. तेरा ठिकाणी कडी म्हणजे कडीच. वाजते, गंजते, बोट चेमटते, आणि दर वेळी घरातलं कुणीतरी बाहेर जाता जाता थबकतं. शेवटच्या प्रकरणात थोरली उठते, धाकटीची बॅग स्वतः दाराबाहेर ठेवते, ती गेल्यावर कडी लावते. प्रतीक तेवढ्याच जागी.

शुक्रवारी साडेचारला मॅडमनी माझं वाक्य मोठ्याने वाचलं. “‘वाट पाहणं हे प्रेमच असतं, पण ते बाकीच्यांना जागच्या जागी खिळवून ठेवतं.’” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सही केली.

“एक राहिलीय बघ,” त्या म्हणाल्या. पान अडतीस, कल्पनाबंध्षा. त्यांनी ती खोडून स्वतःच्या अक्षरात ‘प्रतीक्षा’ लिहिलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षभर ही बाई दोन बस बदलून माझ्यासाठी येत होती. मला फार लाज वाटली.

“मॅडम, तुम्हाला मी किती अडकवून ठेवलं...”

“हो, ठेवलंस,” त्या म्हणाल्या. पिशवीत डबा भरला, खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. “कार्यालयात दे जाताना. आणि कडी घाल.”

मी बाहेरून कडी घातली. डोळे भरून आले होते.

“रडू नकोस,” जिना उतरता उतरता त्यांनी वळून दटावलं. “आणि हे कुठे लिहू नकोस. ती नुसती कडी आहे.”