वत्सलाच्या रजिस्ट्रीसाठी अर्धा दिवस

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत पाण्याचे व्हॉल्व्ह उघडता-बंद करता दादाराव सोमकुवरला एकवीस वर्षं झाली होती. माणूस पंचावन्नचा, अंगानं सडसडीत. खांद्यावर कमरेइतकी उंच लोखंडी चावी टाकून तो सकाळी सहाला टाकीपाशी हजर होई. कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं, कोणता व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत उघडतो, हे सगळं त्याच्या डोक्यात. कागदावर काहीच नाही. त्यामुळे झालं असं, की दादारावाला रजा घ्यायची म्हटली की निम्मा वॉर्ड काळजीत पडायचा, आणि सगळ्यात जास्त काळजी दादारावालाच.

आता मात्र रजा घेणं भागच होतं. ज्या घरात तो आणि वत्सला सतरा वर्षं भाड्यानं राहिले, ते घर मालकीणबाई त्यांनाच विकत होत्या. मालकीणबाई म्हणजे नलिनीबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, आता सौसरला मुलाकडे राहणाऱ्या. कागदपत्रं करून देणाऱ्या सर्विस प्रोव्हायडरनं मंगळवारी साडेअकराचा स्लॉट बुक केला होता. स्लॉट पुढं ढकलता आला असता, पण नलिनीबाई बुधवारी लेकीकडे पुण्याला निघणार होत्या, त्या थेट दिवाळीनंतर परतणार. रजिस्ट्री मंगळवारीच व्हायला हवी होती.

दादारावानं लेकीकडून, मोनालीकडून, हिंदीत अर्ज लिहून घेतला. सोमवारी दुपारी पालिकेच्या जलशाखेत उपयंत्री, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, दीपाली मॅडमच्या टेबलापुढे तो उभा राहिला. मॅडम आठ महिन्यांपूर्वीच आल्या होत्या. वय अठ्ठावीस, मूळच्या सौसरच्या, बोलायला मोकळ्या, पण अर्ज लेखीच पाहिजे म्हणणाऱ्या.

मॅडमनी अर्ज वाचला आणि हसू दाबलं. "काका, वर 'श्रीमान' लिहिलं आहे."

"पोरीनं जुन्या अर्जावरून उतरवलं, मॅडम. चुकलंच."

"असू द्या. मंगळवारी दहानंतर अर्धा दिवस. कारण, घराची रजिस्ट्री. अरे वा! तुमच्या नावानं?"

"नाही मॅडम. वत्सलाच्या नावानं. बाईमाणसाच्या नावानं केलं तं स्टँपमध्ये सूट भेटते म्हणे. आन् तसंही घर तिनंच सांभाळलं."

मॅडमनी मान वर केली. "म्हणजे घेणार वत्सलाबाई, देणार नलिनीबाई. मग तिथं तुमचं काय काम?"

 हा प्रश्न दादारावाला चार दिवसांपासून स्वतःलाच पडला होता. सर्विस प्रोव्हायडरनंही तेच सांगितलं होतं, तुमची सही नाही, अंगठा नाही, तुम्ही आले काय, नाही आले काय. खोटं बोलावं, बायकोला चक्कर येते म्हणावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. पण समोर मॅडम सरळ बघत होत्या.

"काम काहीच नाही मॅडम," तो म्हणाला. "पाहाचं आहे मले. लग्न झालं तवापासून तिले कोणत्याच कागदावर मालकीण झालेली मी पाह्यलं नाही. एकदा पाहाचं आहे."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाल्या, "रजा द्यायला माझं काही जात नाही, काका. पण उद्या मंगळवार. साडेअकराला टेकडीवरच्या वस्तीची पाळी. दुसरा व्हॉल्व्हवाला गुणवंता त्याच्या टाकीवर अडकलेला. टेकडीला पाणी कोण सोडणार?"

"तेच तं!" दादाराव कळवळला. "तिथले व्हॉल्व्ह कोणालेच माहीत नाहीत."

"तुम्हाला माहीत आहेत ना? मग मला सांगा. मी सोडते."

दादारावाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "तुमी? चावी जड आहे मॅडम."

"पाईपलाईनचे नकाशे काढते मी, काका. एखादा व्हॉल्व्ह फिरवता नाही आला, तर कशाची इंजिनिअर?" त्यांनी अर्जावर सही ठोकली.

मंगळवारी सकाळी खालच्या गल्ल्यांचं पाणी आटोपून दादारावानं टेकडीच्या पायथ्याशी मॅडमच्या हाती चावी दिली. तीन व्हॉल्व्ह दाखवले. "आधी खालच्या गल्लीचा बंद करा, मंग वरचा उघडा. नाही तं सारं पाणी खालीच पळते, वर कोरडं राह्यते. आन् मधला शेवटी उघडा, तो उलटा फिरते."

"उलटा म्हणजे?"

"उलटा म्हणजे उलटाच, मॅडम," असं म्हणून तो सायकलवर बसला, कारण दहा वाजून गेले होते.

उपपंजीयक कार्यालयाच्या, म्हणजे रजिस्ट्री ऑफिसच्या, आवारात वत्सला कडक इस्त्रीच्या निळ्या साडीत उभी होती. हातातल्या पिशवीत आधार कार्ड, पॅन कार्ड आणि कशाला लागतील ते माहीत नसलेले आणखी दहा कागद. सौसरच्या बसनं नलिनीबाई आणि त्यांचा मुलगा चेतन आले. नलिनीबाईंनी वत्सलेच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरून राहिली काय, बाई?"

"थोडी थोडी."

"मी पण. पहिल्यांदाच घर विकून राहिले."

साडेअकराला नाव पुकारलं गेलं. आत एका टेबलावर सगळं चाललं होतं. ऑपरेटरनं दस्त संगणकावर उघडला. चतुःसीमा वाचून दाखवल्या: पूर्वेला रस्ता, पश्चिमेला जयवंताबाईंचं घर. आधी नलिनीबाईंना विचारलं, "रक्कम मिळाली? मर्जीनं विकताय?" नलिनीबाईंनी वर्गात हजेरी द्यावी तसं खणखणीत "हो" म्हटलं. त्यांचा फोटो निघाला, अंगठाही लगेच जुळला. दादाराव मागच्या बाकावर हात जोडल्यासारखे गुडघ्यात धरून बसला होता.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. मॅडम! तो धावत बाहेर आवारात गेला.

"काका, मधला फिरतच नाही!"

"कोणीकडे फिरवून राहिले?"

"उलटा!"

"तुमचा उलटा का माहा उलटा?"

 पलीकडून बायकांचा गलका ऐकू आला. टेकडीवरच्या बाया रिकामे गुंड-हंडे घेऊन मॅडमभोवती गोळा झाल्या होत्या, आणि प्रत्येकीचं मत वेगळं होतं. "मॅडम, टाकीकडे तोंड करून उभ्या राहा," दादाराव ओरडला. "आता जेवाच्या हाताकडे फिरवा! मोजा. बावीस फेरे!"

"एक... दोन..." मॅडम मोजू लागल्या. आवारात अर्जनवीस, चहावाला, सगळे या फोनवरच्या माणसाकडे पाहू लागले.

आत निराळाच पेच पडला होता. वत्सलेचा अंगठा यंत्रावर काही केल्या जुळेना. तीस वर्षं भांडी, शेण, कापूस वेचणी, हाताच्या रेषा पार झिजून गेलेल्या. तिनं अंगठा पदराला पुसला, फुंकर मारली, दुसरं बोट दिलं. यंत्र लाल दिवा दाखवत राहिलं.

"असू द्या बाई, ओटीपीनं करू," ऑपरेटर म्हणाला. "आधारला जो मोबाईल जोडला आहे, त्यावर नंबर आला असेल. सांगा."

वत्सलेचा चेहरा उतरला. "मोबाईल तं यांचा जोडला आहे. मोनालीच्या बापाचा."

"ते कुठं आहेत?"

"इथंच होते जी!"

चेतन बाहेर पळाला. त्याच्या मागे निळ्या साडीचा काठ सावरत वत्सला. दादाराव निंबाच्या झाडाखाली उभा राहून कानाला फोन लावून जोरजोरानं म्हणत होता, "अठरा! एकोणीस! थांबू नका मॅडम, घट्ट लागते शेवटी!"

"अहो!" वत्सला ओरडली. "तुमच्या फोनवर नंबर आला, तो द्या!"

"वीस! कोणता नंबर? एकवीस!"

"घराचा नंबर!"

दादारावाच्या तोंडून "बावीस" निघालं आणि पलीकडून एकदम आरोळी उठली. पाणी आलं होतं. नुसतं आलं नव्हतं, जोडाच्या फटीतून कारंजं उडून मॅडम ओल्याचिंब झाल्या होत्या आणि खदखदून हसत होत्या. "काका, आलं! टेकडीला आलं!"

"मॅडम, फोन ठेवतो, वत्सलेले ओटीपी पाह्यजे!" म्हणत त्यानं फोन चेतनच्या हातात कोंबला. चेतननं मेसेज उघडला, सहा आकडे मोठ्यानं वाचत आत गेला, मागोमाग हे दोघं. ऑपरेटरनं टाकले. हिरवी खूण आली.

"बघा," नलिनीबाई दादारावाला म्हणाल्या, "म्हणे तुमचं काही काम नाही!"

दादाराव लाजून हसला. मग ई-सहीसाठी पुन्हा एकदा नंबर आला, तोही त्याच्याच फोनवर. या वेळी मात्र तो टेबलापाशीच उभा होता. त्यानं स्वतः एक एक आकडा सावकाश वाचला, मोठ्या माणसानं मंत्र सांगावा तसा. वत्सलेचा फोटो निघाला. ऑपरेटर म्हणाला, "बाई, थोडं हसा." तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे, आणि हसायचं राहूनच गेलं, डोळे मात्र भरून आले. ऑपरेटरनं तोच फोटो ठेवला.

उपपंजीयक साहेबांनी संगणकावर दस्त तपासला, आपली डिजिटल सही केली आणि म्हणाले, "झालं. कागद मोबाईलवर येईल. नामांतरणाचंही, पालिकेत नाव चढवायचं, बघून घ्या पुढं."

बाहेर चेतननं सगळ्यांना चहा सांगितला. नलिनीबाईंनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि वत्सलेच्या ओंजळीत ठेवला. "भाडेकरूची किल्ली तुझ्याकडे होतीच. ही मालकिणीची." आणि लगेच त्या चेतनला म्हणाल्या, "चल, बस सुटेल. पुण्याची बॅग भरायची आहे अजून."

वत्सलेला घरी सोडून दादाराव सरळ टेकडीकडे वळला. रजा दोनपर्यंत होती, पण पाय ऐकेनात. मॅडम एका ओट्यावर बसून ओली ओढणी पिळत होत्या. शेजारी कोणीतरी दिलेली चहाची बशी आणि चिवडा.

"झाली का रजिस्ट्री?"

"झाली मॅडम. माह्याशिवाय झालीच नसती," दादाराव ऐटीत म्हणाला.

"तसंच पाणीही तुमच्याशिवाय आलं नसतं. ते काही बरं नाही." मॅडमनी वही काढली. "बसा इथं. एकेका व्हॉल्व्हचं सांगा. कुठं आहे, किती फेरे, कोणीकडे फिरतो. मी नकाशा काढते. पुढच्या वेळी मागाल तेव्हा अख्खा दिवस देईन."

दादाराव बसला आणि सांगू लागला. तीन व्हॉल्व्ह सांगून झाले, तेवढ्यात फोन टुणकन वाजला. त्यानं तो मॅडमपुढे धरला. "इंग्रजी-हिंदी मले धड समजत नाही. पाहा बरं, काय आलं?"

मॅडमनी कागद मोठा करून वाचला. "क्रेता, म्हणजे घर घेणारी, श्रीमती वत्सला पति दादाराव सोमकुवर."

"आणखी एकदा वाचा ना, मॅडम."

मॅडमनी वही खाली ठेवली आणि या वेळी सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असं वाचलं.