उस्ताद वहीब यांना तिसरी आठवण

माझा मुलगा मुनझिर बायकोच्या ईमेलांवर जळायला लागला, तो एका बिलाची मुदत उलटल्यापासून.

माझी सून रीहाम लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. नोकरी नाही, पगार नाही. काम झालं की ती बिल पाठवते आणि प्रकाशकानं महिन्याभरात पैसे द्यायचे असतात. आम्ही जॉर्डनमध्ये सल्ट गावात राहतो, प्रकाशक अम्मानला. त्यांच्याकडचे संपादक उस्ताद वहीब तिला काम देतात. बाजारात हरवलेल्या बकरीच्या गोष्टीची चित्रं तिनं त्यांच्यासाठीच काढली. पुस्तक छापून आलं, दुकानात गेलं, पण पैसे आले नाहीत.

रीहामचा जीव पैशात होताच, पण त्याहून जास्त दुसऱ्या गोष्टीत होता. त्या प्रकाशकानं मुखपृष्ठावर तिचं नाव छापलं होतं. आधी जिथं जिथं तिनं काम केलं, तिथं चित्रं तिची आणि नाव कुणाचंच नाही. बकरीचं दुसरं पुस्तकही तिला मिळालं होतं, अर्धी चित्रं तयार होती. म्हणजे पैसे मागायचे, पण माणूस दुखवायचा नाही, अशी तिची अडचण होती.

मुदत संपून चार-पाच दिवस झाल्यावर तिनं पहिली आठवण लिहिली. मला साठीनंतर वाचता यायला लागलं, तेव्हापासून ती लिहिलेलं मला दाखवते.

“आदरणीय आणि प्रिय उस्ताद वहीब,” असं वर होतं. “तुमच्यावर शांती असो. आपण आणि घरची मंडळी खुशाल असाल अशी आशा. बिल क्रमांक सत्तावीस, रक्कम सहाशे चाळीस दिनार, मुदत गेल्या गुरुवारी संपली. कामाच्या गर्दीत नजरेतून सुटलं असावं. सोयीसाठी बिल पुन्हा जोडलं आहे. पैसे आधीच पाठवले असतील तर या पत्राकडे दुर्लक्ष करावं. अल्लाह आपल्या हातांना बळ देवो.”

मला ते फार आवडलं. कुठं टोचत नव्हतं आणि आकडा, तारीख सगळं जागेवर होतं.

मुनझिर सल्ट-अम्मान मिनीबस चालवतो. तो तेव्हाच घरी आला होता. रीहामच्या खुर्चीमागं उभा राहून त्यानं वाचलं आणि तिथूनच सुरुवात झाली.

“घरची मंडळी कशाला? तुला काय करायचंय त्याच्या मंडळींशी?”

“रीत आहे ती.”

“आणि हातांना बळ. माझे हात दिवसभर स्टेअरिंगवर असतात. त्यांना कोण बळ देतं?”

“तुझ्याकडे माझं बिल थकलेलं नाही,” रीहाम म्हणाली आणि पत्र पाठवून दिलं.

मी हसले. मुनझिर हसला नाही. त्याचे वडीलही असेच होते, मी पाववाल्याला दोनदा ‘सलामत राहा’ म्हटलं की त्या दिवशी पाव शिळा लागायचा त्यांना.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘तुमच्या पत्रानं सकाळ उजळली,’ असं उस्तादांनी लिहिलं होतं. ‘तुम्ही तर आमच्या घरातल्याच. या आठवड्यात, इन्शाल्ला.’

“घरातल्याच?” मुनझिर म्हणाला. “मग बोलाव की त्याला जेवायला. मटणाचा मन्सफ करू. यम्मा, तू जमीदचं सुकं दही भिजत घाल.”

“तू बोलावलंस तर येतील,” रीहाम शांतपणे म्हणाली. “सभ्य आहेत.”

ते ‘सभ्य आहेत’ त्याला जेवणात खड्यासारखं लागलं. त्या आठवड्यापासून तो रोज दाढी करायला लागला. बसमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारू लागला, प्रकाशकाकडे वहीब म्हणून कोणी आहे का, दिसतो कसा. एक दिवस बातमी घेऊन आला.

“उंच आहे म्हणे. आणि केस आहेत सगळे.”

“कुणाचे?” मी विचारलं.

“कुणाचे काय, यम्मा. त्याचे.”

आठवडा संपला, पैसे आले नाहीत. रीहामनं दुसरी आठवण लिहिली. सलाम होता, खुशाली होती, पण या वेळी तिनं एक नेमकी गोष्ट विचारली: पैसे कोणत्या तारखेला जमा होतील, एवढं कळवलंत तर आभारी होईन. मला म्हणाली, “खाला, ‘या आठवड्यात’ म्हणणाऱ्याला धरता येत नाही. तारीख दिली की धरता येतं.”

उत्तर आलं, मागच्याहून गोड. बकरीचे डोळे मुलांना किती आवडले, हे लिहिलं होतं. तारीख नव्हती.

मुनझिरनं ते दोनदा वाचलं. “मी तुझ्या बकरीबद्दल काय म्हणालो होतो, आठवतं?”

“छान आहे म्हणालास.”

“मग? छानच म्हणालो ना?”

“टीव्ही बघत म्हणालास,” ती म्हणाली.

तिसरी आठवण लिहायला रीहामनं तीन दिवस घेतले. आता थोडं कडक व्हायला हवं होतं, पण दार लागेल इतकं नाही. लिहून ठेवून ती शेजारच्या गल्लीत एका घरी सांत्वनाला गेली. म्हणाली, येऊन एकदा वाचते आणि पाठवते.

मी सारण भरायला कूसा, म्हणजे छोटे दुधी, कोरत बसले होते. मुनझिर संगणकापुढं बसला.

“यम्मा, ऐक हे. ‘आपल्या मौल्यवान वेळातून.’ माझा वेळ फुकटचा आहे का?”

“हात लावू नकोस,” मी म्हटलं.

“लावत नाही. अत्तर पुसतोय फक्त. बिलाला अत्तर कशाला?”

बोलता बोलता तो एकेक ओळ खोडत होता. प्रिय गेलं, आदरणीय गेलं, खुशाली गेली, दुवा गेली. शेवटी सलामही गेला. उरलं ते असं: ‘बिल क्रमांक सत्तावीस. सहाशे चाळीस दिनार. मुदत उलटून तीन आठवडे झाले. पैसे कधी?’ खाली रीहामचं नाव. मी कोरणं खाली ठेवून उठेपर्यंत त्यानं ते पाठवलं होतं.

आमच्याकडे वैऱ्यालाही पत्र लिहायचं तर वर सलाम लिहितात. बिनसलामाचं पत्र म्हणजे यापुढं आमचा तुमचा संबंध नाही. हे मुनझिरला माहीत नव्हतं असं नाही.

रीहाम आली, तिनं वाचलं. ओरडली नाही. डोक्यावरची ओढणी काढायचीही राहिली.

“सलामसुद्धा नाही,” ती म्हणाली. “मुनझिर, माझं नाव छापणारा एकच माणूस होता मला.”

“पैसे बुडवणारा माणूस.”

“ते मी बघत होते. तू पैशासाठी खोडलंस का ते?”

कूसा त्या दिवशी कुणी नीट खाल्ला नाही. दुसरं पुस्तक गेलं, असं धरून रीहामनं अर्धी झालेली चित्रं गुंडाळून कपाटावर टाकली. माफीचं पत्र लिहायला बसली, तेव्हा मी एवढंच म्हटलं, “माफी सलामाची माग. पैशाची मागू नकोस.”

पण तिनं लिहायच्या आधीच उस्तादांचं उत्तर आलं. मुनझिरनंच ते मोठ्यानं वाचायला घेतलं, भांडणाच्या तयारीनं. वाचता वाचता त्याचा आवाज उतरत गेला.

‘तुमचं पत्र वाचून लाज वाटली. तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. खरं सांगतो, मलाच तीन महिने पगार मिळालेला नाही. तुमचं बिल मी दर वेळी मालकांच्या टेबलावर ठेवत आलो आणि ते तिथंच राहिलं. हिशेब विभागात ते पोचलेलंच नाही. तिथं सित्त अनाहीद म्हणून बाई आहेत, त्यांच्याकडे थेट आलेलं बिलच त्या नोंदवतात. त्यांना लिहा, मालकांना प्रत टाका. आणि दुसऱ्या पुस्तकाची चित्रं या बिलाचे पैसे मिळाल्यावर देईन, असं स्पष्ट लिहा. मी सांगितलं असं म्हणू नका. मी गोड उत्तरं दिली, कारण द्यायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.’

मुनझिर म्हणाला, “चांगला माणूस आहे.”

“मी तेच सांगत होते.”

“हो, पण आता मी काय करू? आधी निदान शिव्या देता येत होत्या.”

मी त्याचा चेहरा बघितला. आता तो खरा जळत होता. वाईट माणसावर जळणं सोपं असतं, त्यात थोडा आनंदही असतो. या माणसानं स्वतः उपाशी राहून त्याच्या बायकोला वाट दाखवली होती.

रीहामनं नवं पत्र लिहिलं, सित्त अनाहीद यांना, प्रत मालकांना. मुनझिर शेजारी बसला. त्याचा हात पुढं आला की ती त्यावर चापट मारायची. वर सलाम होता. मग बिलाचा क्रमांक, रक्कम, मुदतीची तारीख, बँकेचा खाते क्रमांक. पुस्तक छापून विक्रीला आलं आहे. आधीची दोन्ही सविस्तर पत्रं सोबत जोडली आहेत. या बिलाची रक्कम जमा झाली की दुसऱ्या पुस्तकाची तयार असलेली चित्रं त्याच दिवशी पाठवीन. आपलं सहकार्य असंच राहो.

“‘असंच’ नको,” मुनझिर म्हणाला. “असंच राहिलं तर आपण मेलो.”

रीहामला हसू आलं. तिनं ‘असंच’ काढून टाकलं. त्यानं खोडलेला तेवढा एकच शब्द तिनं मानला.

सित्त अनाहीद यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. बिल आजच मिळालं, पैसे मंगळवारी सोडले जातात. मंगळवारी ते जमा झाले. त्याच दुपारी मालकांनी स्वतः लिहून दुसऱ्या पुस्तकाची चित्रं मागितली. रीहाम स्टुलावर चढून कपाटावरची गुंडाळी उतरवत होती, मुनझिरनं स्टूल धरलं होतं.

संध्याकाळी ती उस्ताद वहीब यांना आभाराचं पत्र लिहायला बसली. मला वाटलं, आता पुन्हा सुरू होणार. मुनझिर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “त्याचा पगार झाला का, ते विचार.”

“असं विचारत नाहीत, मुनझिर. बाईनं तर नाहीच.”

“मग मी विचारतो. सरक.”

तो दोन बोटांनी टाईप करतो. बराच वेळ लागला. ‘सलाम. मी रीहामचा नवरा. ते बिनसलामाचं पत्र माझं होतं, तिचं नव्हतं. तुमचा पगार झाला का? झाला नसेल तर तुम्हीही सित्त अनाहीद यांना लिहा. मालकांना प्रत टाका. तारीख मागा. मी अम्मानला रोज येतो, माझ्या बसमध्ये तुम्हाला तिकीट लागणार नाही.’

रीहामनं ते वाचलं. मला वाटलं, ती थोडं सारखं करेल, तिला भाषेची फार काळजी. तिनं एक अक्षर हलवलं नाही.

“याचं उत्तर कुणाला येईल?” मुनझिरनं विचारलं. “तुला की मला?”

“पत्र तुझं आहे. तुलाच लिहितील.”

त्याला बरं वाटलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी बस काढायच्या आधी त्यानं तिला दोनदा विचारलं, आलं का काही.