ताईचा ताप

अहवाल संपल्याशिवाय सुट्टी नाही, असं साहेबांनी सांगितलं आणि टायपिस्टबाईंनी कपाळाला हात लावला. उद्या सकाळी ताईची गाडी चालवण्याची परीक्षा होती. दोनदा नापास झालेली ताई म्हणाली होती, “तू मैदानाच्या कुंपणापाशी उभी राहिलीस, तर माझे पाय लटपटणार नाहीत.” नाही कशी म्हणणार?

अहवाल म्हणजे अहवाल होता की मारुतीचं शेपूट! गोदामाच्या प्रत्येक विभागाचं नाव ठळक करायचं, मधोमध आणायचं. तेच ते, तेच ते. मग बाईंना मॅक्रो आठवला. एकदा करून दाखवायचं, संगणक लक्षात ठेवतो, पुढे एक कळ दाबली की काम फत्ते!

बाईंनी रेकॉर्डिंग सुरू केलं. ‘विभाग’ शब्द शोधला, ओळ निवडली, ठळक केली, मधोमध आणली, कर्सर ओळीच्या शेवटी नेला. झालं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात ताईचा निरोप आला, “येणार ना गं?” अहवाल वेळेत संपेल याचा भरवसा नव्हता, म्हणून बाईंनी घाईघाईत आजारपणाचं उत्तर टाइप केलं आणि मान वर केली, तर ते ताईला गेलंच नव्हतं, अहवालात उतरलं होतं! “अगं बाई!” म्हणत त्यांनी आधी रेकॉर्डिंग बंद केलं आणि मग ती ओळ खोडली.

इथेच घोड्यानं पेंड खाल्ली. खोडणं मॅक्रोनं पाहिलंच नाही, लिहिणं मात्र चोख लक्षात ठेवलं.

बाई कळ दाबत सुटल्या. डोळे भिंतीवरच्या घड्याळावर, बोट कळीवर. पानं भराभर पळत होती. काम संपलं तशी त्यांनी छपाईची आज्ञा दिली आणि ऐटीत पदर खोचला. पण छपाईयंत्र होतं साहेबांच्या खोलीत.

“बाई, जरा इकडे या!”

साहेब गंभीर आवाजात वाचत होते. “विभाग : खोकी. ताई, उद्या मला ताप येणार आहे. विभाग : सुतळी. ताई, उद्या मला ताप येणार आहे. विभाग : उंदीर बंदोबस्त...”

“बास करा हो साहेब!” बाईंचे कान लालबुंद झाले.

“सगळ्या गोदामाला ताप? आणि ही ताई कोण?”

आता लपवून काय उपयोग? बाईंनी सगळं सांगून टाकलं. परीक्षा, कुंपण, लटपटणारे पाय. “सुट्टी मागितली होती मी. तुम्ही दिली नाहीत. मला भयंकर राग आला होता तुमचा.”

साहेबांनी चष्मा काढला. हसू दाबता दाबता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसताना मात्र त्यांचा चेहरा पडला.

“मी चौथ्या खेपेला पास झालो,” ते म्हणाले. “कुंपणापाशी कुणी नव्हतं. ही ओळ सगळीकडून काढा आणि उद्या जा. तापबिप काही नको.”

बाई दारापर्यंत पोचल्या, तेवढ्यात मागून हाक आली.

“आणि ताई पास झाल्या, तर मला लगेच कळवा. मी ऑफिसला पायी येतो, रस्ता जपून ओलांडावा लागेल.”