आधीची मेल उघडू नये

नसरीन कशाला भीत नाही, असं तिच्या गल्लीत सगळे सांगायचे. सहा वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत काढलेली पोरगी, ती भट्टीला भीत नव्हती आणि मालकालाही नाही. मग एका दुपारी डबा खाता खाता तिनं एक मेल पाठवली, आणि भीती काय चीज असते ते तिला चांगलं कळलं.

त्याचं असं झालं. नसरीन ज्या लॅबमध्ये साच्याची वाळू तपासायची, ती लॅब डिसेंबरपासून बंद होणार होती. तपासणी बाहेरून करून घेऊ, असं मालक राजवर्धन साहेबांनी सांगून टाकलं होतं. तिचे वडील मौला तीस वर्षं साचे भरून छातीला धाप लावून घरी बसलेले. घर चालत होतं ते हिच्यावर. त्यामुळं डिसेंबरच्या आत दुसरीकडं लागणं भाग होतं.

गोकुळ शिरगावात पंचधारा कास्टिंग्जची लॅब मोठी होती. पण त्यांच्या वेबसाइटवर 'सध्या जागा नाहीत' एवढंच लिहिलेलं, आणि खाली अर्जासाठी एक सामाईक मेल पत्ता. ना कुणाचं नाव, ना नंबर. लिंक्डइनवर शोधलं तर भरती बघणारं कुणी सापडेना. ऑफिसला फोन केला, तर 'मेल करा' म्हणून ठेवून दिला. असल्या पत्त्यावर लिहायचं म्हणजे कुणाच्या दारात उभं आहोत तेच माहीत नसतं.

पॉलिटेक्निकची मैत्रीण प्रियदर्शनी पुण्यात एका कंपनीत भरतीचंच काम बघायची. तिनं फोनवर समजावलं. विषयात नुसतं 'नोकरीसाठी अर्ज' घालायचं नाही, काम आणि अनुभव घालायचा. मजकूर आठ-दहा ओळींचा, बायोडेटा पीडीएफ, फाइलला स्वतःचं नाव. योग्य विभागाकडं पाठवावी अशी विनंती करायची. आणि शेवटी म्हणाली, "एक ओळ अशी घाल, की ही मेल फक्त त्यांनाच लिहिलीय हे कळलं पायजे. न्हाईतर पन्नास जणांत तुझी पण तसलीच."

नसरीननं सगळं जसंच्या तसं केलं. सध्याच्या मालकांना कळवू नये, हेही आठवणीनं लिहिलं. आणि ती एक ओळ? तिनं लिहिलं, की तुमच्या पंप बॉडीत मशीनिंगनंतर पिनहोल निघतात, ती वाळूतल्या ओलाव्यावर नीट लक्ष ठेवून कमी करता येतील. पिनहोल म्हणजे ओतकामात टाचणीच्या टोकाएवढी राहणारी भोकं. ओळ वाचून ती स्वतःवर बेहद्द खूश झाली. मेल पाठवली, डबा धुतला. मिनिटभरात उत्तर आलं, आपला अर्ज मिळाला, योग्य जागा असल्यास संपर्क करू. तेवढ्यावरही बाई खूश.

दोन तासांनी राजवर्धन साहेब लॅबमध्ये आले. फळीवरचा कापलेला एक नमुना त्यांनी फडक्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं.

"पंपवाल्यांनी विश्वासानं दिलाय आपल्याला तपासायला," ते म्हणाले. "पंचधाराचा माल हाय ह्यो, ह्याची भोकं आपण बघितली, ह्ये बाहेर कळता कामा न्हाई. कळलं की कस्टमर गेला, आणि सांगणारा पण."

ती पिनहोल नसरीननं पाहिली होती ती ह्याच नमुन्यात. मालकांना कळवू नये असं लिहून पुढचं दार कडी लावून बंद केलं आणि मागचं सताड उघडं ठेवलं, असा सगळा प्रकार. मेल मागं घ्यायचे दहा-वीस सेकंद केव्हाच उलटून गेले होते. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांत गोष्ट पसरायला एक फोन पुरतो. नोकरी डिसेंबरात जायची ती आज जाणार, आणि कस्टमरची बातमी फोडणारी म्हणून पुढं कुणी दारातसुद्धा उभं करणार नाही. घरी अब्बांनी दोनदा विचारलं, तिनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

घाबरलेलं माणूस गप्प बसलं तर बरं, पण तेवढंच त्याला जमत नाही. सकाळी उठून तिनं त्याच पत्त्यावर दुसरी मेल टाकली. विषय, 'तातडीचे: आधीची मेल कृपया उघडू नये'. मिनिटभरात तेच उत्तर आलं, आपला अर्ज मिळाला.

पुढचे तीन दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. साहेबांचा फोन वाजला की ही काम सोडून तिकडंच कान लावायची. ते हसले तरी भीती, नाही हसले तरी भीती. वाळूचा ओलावा तिनं दोनदा चुकीचा लिहिला, सहा वर्षांत पहिल्यांदा. चौथ्या दिवशी अनोळखी नंबर आला. पंचधारातून अनुजा बोलत होती. क्वालिटीचे जोतीराम सर भेटायला बोलावतात, तुमच्या सुट्टीदिवशी या, म्हणाली. कशासाठी ते सांगितलं नाही.

जोतीराम सर पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. टेबलावर तिच्या दोन्ही मेली छापून ठेवलेल्या.

तो पत्ता अनुजा महिन्याच्या शेवटी एकदा उघडते, सरांनी सांगितलं. एरवी नुसते विषय वरवर बघून सोडते. पण 'उघडू नये' दिसल्यावर तिनं आधीची मेलच पहिल्यांदा उघडली आणि थेट इकडं पाठवली. नसरीनला स्वतःच्या कानाखाली वाजवून घ्यावीशी वाटली.

"आमच्या पिनहोलचं तुमाला कुणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

तिनं कागदावरची ती ओळ बोटानं झाकली.

"नमुना कुणी दिला, तेवढं सांगा. जानेवारीत लॅबमध्ये एक जागा काढतोय. तुमचं नाव घालतो."

डिसेंबर तिच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. अब्बांची धाप ऐकू आली. एक नाव घ्यायचं, एवढंच तर होतं.

"न्हाई सांगता येणार, सर. ती ओळ लिवली, चुकलं माझं. पण आनखी एकदा न्हाई चुकणार."

सरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मग म्हणाले, "पंपवाल्यांनीच सांगितलंय आमाला, नमुना राजवर्धनकडं दिलाय म्हणून. आमची भोकं आमाला नवी न्हाईत. तुमी नाव घेतलं असतं, तर आत्ता तुमच्यासमोर राजवर्धनला फोन लावणार हुतो."

फोन टेबलावरच होता, नसरीनकडं तोंड करून.

सरांनी अनुजाला बोलावलं. दोन्ही मेली नसरीनच्या देखत काढून टाकायला लावल्या, कचऱ्यातूनसुद्धा, आणि छापलेले कागद फाडले. मग नसरीनला सांगितलं, तोच अर्ज ती ओळ काढून त्याच पत्त्यावर परत पाठवा. जागा निघाली की आमचे मालक तिथलीच यादी मागवतात. बाकीचे अर्ज असतील तसा तुमचाही असेल, नाव घालतो म्हटलं, तो शब्द धरू नका.

गेटबाहेर चहाच्या टपरीमागं उभी राहून तिनं मेल लिहिली. सात वेळा वाचली. मग पाठवली. उत्तर आलं, आपला अर्ज मिळाला, योग्य जागा असल्यास संपर्क करू.

तिनं पाठवलेली मेल पुन्हा उघडली. ती ओळ त्यात नव्हती. बसमध्ये चढल्यावर तिनं आणखी एकदा उघडून बघितली.